टनातून किलोवॅटमध्ये: एसी घेताना क्षमतेचा हिशेब कसा करायचा

एसी घ्यायला निघालं की एकाच मशीनबद्दल चार आकडे कानावर येतात. विक्रेता 'दीड टन' म्हणतो, खोक्यावर १८,००० बीटीयू छापलेलं असतं, माहितीपत्रकात ५.१ किलोवॅट आणि त्याच पानावर थोडं खाली १.४५ किलोवॅट. चारही आकडे खरे असू शकतात. पण त्यांतले तीन एकाच गोष्टीबद्दल बोलतात आणि चौथा भलत्याच गोष्टीबद्दल. हा फरक कळला नाही तर गुणाकार बिनचूक करूनही चुकीचं मशीन घरी येतं.

हा लेख पहिल्यांदाच एसी निवडणाऱ्यांसाठी आहे. टनाचं किलोवॅट करायला अर्धा मिनिट लागतो. खरा वेळ जातो तो आपल्याकडे आलेला आकडा नेमका कशाचा आहे हे ओळखण्यात, म्हणून लेखाचा मोठा भाग त्यावरच खर्च केला आहे.

हाताशी काय ठेवावं

- ज्या मॉडेलांचा विचार चालू आहे त्यांची तांत्रिक माहितीपत्रकं. जाहिरातीचं रंगीत पान चालणार नाही, आकड्यांचा तक्ता असलेलं पान हवं.
- ऊर्जा लेबलचा फोटो आणि शक्य असेल तर आउटडोअर युनिटवरच्या नेमप्लेटचा फोटो.
- खोलीची लांबी, रुंदी, उंची, खिडकीचं माप आणि तिची दिशा. वर छप्पर आहे की दुसरा मजला, हेही लिहून ठेवा.
- मोबाइलमधला साधा कॅलक्युलेटर.

१. टन कशाचा आहे ते आधी समजून घ्या

एसीच्या टनाचा मशीनच्या वजनाशी काहीही संबंध नाही. यंत्रं येण्यापूर्वी थंडाव्यासाठी बर्फ वापरला जाई. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना आजूबाजूची जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या दराने उष्णता बाहेर काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं यंत्र, अशी व्याख्या त्यावरून ठरली. हा टन अमेरिकी आहे, म्हणजे २,००० पौंडांचा, सुमारे ९०७ किलोचा. एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू उष्णता लागते असं धरलं गेलं. म्हणजे दिवसाला २,८८,००० बीटीयू. त्याला चोवीसने भागलं की तासाला १२,००० बीटीयू.

या हिशेबातून एक गोष्ट पक्की होते. टन हा उष्णता काढण्याचा वेग आहे. मशीन किती वीज खातं, हे त्यात कुठेच येत नाही. किलोवॅटदेखील वेगाचंच माप आहे, सेकंदाला किती ऊर्जा इकडून तिकडे गेली याचं. म्हणून या दोघांत सरळ रूपांतर करता येतं.

२. रूपांतर करा

लागणारी सूत्रं एवढीच:

```
kW = TR × 3.517
TR = kW ÷ 3.517
kW = (BTU/h) ÷ 3412
TR = (BTU/h) ÷ 12000
```

यातलं `TR` म्हणजे टन. माहितीपत्रकात तो असाच लिहिलेला दिसेल. बाजारात नेहमी भेटणाऱ्या मापांचं उत्तर खाली तयार आहे.

| टन | बीटीयू प्रतितास | किलोवॅट |
|---|---|---|
| ०.७५ | ९,००० | २.६४ |
| १ | १२,००० | ३.५२ |
| १.२५ | १५,००० | ४.४० |
| १.५ | १८,००० | ५.२८ |
| २ | २४,००० | ७.०३ |

तोंडी हिशेबाला ३.५ ने गुणलं तरी चालतं. फरक शेकड्यात अर्धाच पडतो आणि खोलीच्या उष्णतेचा कोणताही अंदाज इतका काटेकोर नसतो. लेखी तुलना करताना मात्र ३.५१७ च घ्या, नाहीतर दोन मॉडेलांमधला छोटा फरक खरा आहे की गोळाबेरजेमुळे आला आहे, हे कळणार नाही.

बीटीयूच्या आकड्यापुढे 'प्रतितास' बऱ्याचदा छापलेलंच नसतं. तरी तो तासाचाच आकडा समजा. काही ठिकाणी घरगुती एसी अश्वशक्तीच्या नावानेही विकले जातात. त्या वेळी ७४६ वॅटने गुणत बसू नका. तिथे अश्वशक्ती हे फक्त साइजचं नाव झालेलं असतं, त्यावरून कूलिंगची क्षमता निघत नाही. बीटीयू किंवा किलोवॅटचा आकडा मागा आणि तिथून पुढे चला.

३. हा किलोवॅट उष्णतेचा की विजेचा, ते ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

एसी विजेची 'थंडी' बनवत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. उचलण्याचं काम कॉम्प्रेसर करतो आणि वीज लागते ती त्याला, शिवाय दोन पंख्यांना. उचललेली उष्णता खर्च झालेल्या विजेच्या कितीतरी पट असते. त्यामुळे एकाच मशीनला किलोवॅटचे दोन आकडे असतात. सुरुवातीच्या उदाहरणात ५.१ किलोवॅट ही खोलीतून निघणारी उष्णता आहे आणि १.४५ किलोवॅट ही त्यासाठी लागणारी वीज. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ३.५२ येतं. या भागाकाराला सीओपी म्हणतात.

टनाचं रूपांतर फक्त पहिल्या आकड्याशी जुळतं. ५.१ ला ३.५१७ ने भागा, १.४५ टन मिळतात. हे दीड टनाच्या वर्गातलं मशीन आहे. १.४५ ला ३.५१७ ने भागलंत तर ०.४१ टन येईल आणि ते निरर्थक आहे. या उदाहरणात आणखी एक फसवा योगायोग आहे. विजेचा आकडा १.४५ किलोवॅट आणि क्षमता १.४५ टन. नवख्या माणसाला वाटतं, टन आणि किलोवॅट एकच की काय!

हा योगायोग का होतो ते समजून घेण्यासारखं आहे, कारण 'एक टन म्हणजे एक किलोवॅट' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट उष्णता. ज्या मशीनचा सीओपीदेखील बरोबर ३.५१७ असेल, त्याला एका टनाला बरोबर एक किलोवॅट वीज लागणार. घरगुती एसींचा सीओपी याच्याच आसपास असतो, म्हणून वाक्य खरं वाटतं. पण ते एका ठराविक कार्यक्षमतेपुरतंच खरं आहे. सीओपी ४.४ असेल तर एका टनाला ०.८ किलोवॅट वीज पुरते. जुन्या, थकलेल्या मशीनचा सीओपी २.५ वर आला असेल तर तेवढ्याच थंडाव्याला १.४ किलोवॅट लागते. टन तोच, किलोवॅट उष्णताही तीच, फक्त वीज बदलली.

आकडा कोणता आहे हे ओळखायच्या तीन खुणा:

पहिली, एकाच मशीनच्या दोन किलोवॅट आकड्यांत मोठा आकडा उष्णतेचा. धडधाकट एसीमध्ये तो विजेच्या आकड्याच्या साधारण तीन ते पाच पट असतो. भागाकार दोनच्या खाली किंवा सातच्या वर आला तर आपण कोणतीतरी ओळ चुकीची वाचली आहे असं समजा. बहुतेक वेळा त्यातला एक आकडा कमाल क्षमतेचा किंवा किमान वीजवापराचा निघतो.

दुसरी, माहितीपत्रकातली ओळ. `Cooling capacity` समोरचा आकडा उष्णतेचा, `Power input` किंवा `Rated power` समोरचा विजेचा.

तिसरी, अँपिअर. नेमप्लेटवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणले की जो वॅटचा आकडा येतो, त्याच्या जवळपासचा किलोवॅट विजेचा असतो. वायर, एमसीबी, जनरेटर, इन्व्हर्टर बॅटरी किंवा सोलर पॅनेल यांचा हिशेब विजेच्या बाजूनेच करायचा. टनाला ३.५१७ ने गुणून आलेला आकडा इलेक्ट्रिशियनला सांगितलात तर तो गरजेपेक्षा तिप्पट मोठी व्यवस्था सुचवेल. मात्र त्याला द्यायचा तो कमाल वीजवापराचा किंवा कमाल अँपिअरचा आकडा द्या, सरासरीचा नको.

भागाकाराबाबत एक सावधगिरी. लेबलवर कार्यक्षमतेचा जो ठळक आकडा असतो तो बऱ्याचदा सबंध हंगामाचा असतो. हलक्या उन्हाचे दिवस आणि कडक उन्हाचे दिवस एकत्र धरून काढलेला. क्षमतेला त्या आकड्याने भागून भर दुपारची वीज काढायला गेलात तर उत्तर फार कमी येईल. दुपारच्या विजेसाठी माहितीपत्रकातली `Power input` ही ओळच वाचा. ईईआर नावाचा कार्यक्षमतेचा आकडा दिसला तर तो कोणत्या एककात आहे तेही पाहा. बीटीयू आणि वॅटच्या प्रमाणातला ईईआर १२ असेल तर त्याला ३.४१२ ने भागल्यावर ३.५२ हा सीओपी मिळतो. म्हणजे एकाच मशीनला कोणी 'बारा'चं म्हणेल, कोणी 'साडेतीन'चं, आणि दोघंही बरोबर असतील.

४. टनाचं नाव बाजूला ठेवा, किलोवॅटचा आकडा घ्या

'दीड टन' हे बाजारात साइजचं नाव म्हणून चालतं. शुद्ध गणिताने दीड टन म्हणजे ५.२८ किलोवॅट. पण दीड टनाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवलीत तर एकावर ५.२८, दुसऱ्यावर ५.०, तिसऱ्यावर ४.७५ असे आकडे दिसू शकतात. उलटं रूपांतर करून पाहा. ४.७५ भागिले ३.५१७ म्हणजे १.३५ टन. नाव दीडचंच, पण पहिल्या आणि तिसऱ्या मशीनमध्ये अर्ध्या किलोवॅटहून जास्त अंतर आहे. चार-पाच माणसं खोलीत बसल्यावर जेवढी उष्णता देतात, साधारण तेवढं हे अंतर.

म्हणून तुलना करताना टनाचा रकाना ठेवूच नका असं मी सांगेन. दर मॉडेलपुढे फक्त किलोवॅटमधली कूलिंग क्षमता लिहा. विक्रेत्याशी बोलायला टन लागतो, तेवढाच तो पुरे.

इन्व्हर्टर एसीमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या एसीमध्ये, एकाऐवजी तीन आकडे असतात, उदाहरणार्थ १.५ / ५.० / ५.६ किलोवॅट. मधला आकडा रेटेड, म्हणजे प्रमाणित चाचणीत मोजलेला. तुलना त्याचीच करायची. तिसरा कमाल आहे. कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने पळवला तर तेवढं मिळू शकतं, पण त्या वेळी वीज बरीच जास्त लागते आणि आवाजही वाढतो. '५.६ किलोवॅटपर्यंत' अशी जाहिरात वाचलीत तर त्यातल्या 'पर्यंत'कडे लक्ष द्या. पहिला, किमान आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत. त्याचं काम पुढे लागेल.

५. हा आकडा किती तापमानाला मोजला, ते पाहा

रेटेड क्षमता मोजताना बाहेर ३५ अंश सेल्सिअस धरलेलं असतं आणि आत २७ अंश. आयएसओ ५१५१ या मानकातली ही टी१ नावाची स्थिती. उष्ण हवामानासाठी त्याच मानकात टी३ ही वेगळी स्थिती आहे, तिच्यात बाहेर ४६ अंश धरतात.

बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकं त्या हवेत उष्णता सोडणं आउटडोअर युनिटला जड जातं. क्षमता घटते आणि वीज वाढते, दोन्ही एकदम. किती घटते ते मॉडेलवर अवलंबून आहे आणि चांगल्या माहितीपत्रकात त्याचा तक्ता असतो. तक्ता मिळालाच नाही तर ३५ च्या वर दर अंशामागे साधारण शेकडा एक घट धरून चला. कच्च्या अंदाजाला तेवढं पुरतं. म्हणजे ५.० किलोवॅटचं मशीन ४० अंशांत सुमारे ४.७५ किलोवॅट देईल.

इथे 'बाहेर' म्हणजे आउटडोअर युनिटच्या अंगाला लागणारी हवा. हवामान खात्याचा आकडा ४० असेल, पण युनिट तिन्ही बाजूंनी बंद असलेल्या गच्च डक्टमध्ये टांगलं असेल, तर ते स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढतं. सुरुवातीच्या मशीनचंच उदाहरण घ्या. खोलीतून काढलेली ५.१ किलोवॅट उष्णता आणि वापरलेली १.४५ किलोवॅट वीज, दोन्ही मिळून ६.५५ किलोवॅट उष्णता त्या छोट्या जागेत फेकली जात असते. तिला निघून जायला वाट नसेल तर युनिटभोवतीची हवा ४० ची ४८ व्हायला वेळ लागत नाही. मग आपण कागदावर केलेलं सगळं रूपांतर फोल ठरतं.

दोन मॉडेलांची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच स्थितीचे आहेत ना, हे तपासा. एकाचा आकडा टी१ चा आणि दुसऱ्याचा टी३ चा असेल तर दुसरं मशीन विनाकारण लहान दिसतं.

६. खोलीची गरजही किलोवॅटमध्येच काढा

मशीन किलोवॅटमध्ये आणि खोली 'अमुक चौरस फुटाला एक टन' अशा ठोकताळ्यात, असं असेल तर रूपांतराचा फायदाच उरत नाही. दोन्ही बाजू एकाच मापात आणा. एक खोली पूर्ण करून दाखवतो.

खोली ४.५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच. क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. वरचा मजला, डोक्यावर उघडं काँक्रीटचं छप्पर. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत बाहेरच्या बाजूला. पश्चिमेला १.८ चौरस मीटरची खिडकी, आतून पडदा. खोलीत तीन माणसं, एक टीव्ही, एक लॅपटॉप, दिवे. बाहेर ४० अंश, आत २६ हवेत. उन्हाळ्यातल्या दुपारी उशिराची वेळ धरली आहे, कारण छप्पर आणि पश्चिमेची भिंत तेव्हाच सगळ्यात जास्त तापलेली असतात.

- छप्पर: तापलेल्या उघड्या स्लॅबमधून चौरस मीटरला सुमारे ६० वॅट, एकूण ११०० वॅट.
- दोन बाहेरच्या भिंती: मिळून सुमारे ६०० वॅट.
- खिडकी: थेट ऊन आणि काचेतून येणारी उष्णता, पडद्यासकट सुमारे ७०० वॅट.
- माणसं: बसलेल्या माणसाची साधारण ११५ ते १२० वॅट, तिघांची ३५० वॅट.
- उपकरणं आणि दिवे: २५० वॅट. इथे विजेचा आकडा थेट घ्यायचा, कारण ही सगळी वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते.
- फटींतून आणि दार उघडल्यावर येणारी बाहेरची हवा: तासाला एकदा खोलीभर हवा बदलते असं धरून, ओलाव्यासकट सुमारे ४०० वॅट.

बेरीज ३४०० वॅट, म्हणजे ३.४ किलोवॅट. ३.५१७ ने भागा: ०.९७ टन.

उत्तर 'एक टन' दिसतं आणि बरेच जण इथेच थांबून एक टनाचं मशीन सांगतात. पण मागच्या दोन पायऱ्या लावून पाहा. एक टनाच्या नावाने मिळणाऱ्या मशीनची रेटेड क्षमता समजा ३.३ किलोवॅट आहे. बाहेर ४० अंश म्हणजे शेकडा पाच घट. हातात राहिले ३.१ किलोवॅट, गरज ३.४ ची. ३.५२ किलोवॅटचं 'पूर्ण' एक टनाचं मशीन मिळालं तरी ४० अंशांत ते ३.३४ देईल. म्हणजे ज्या दुपारी थंडावा सगळ्यात जास्त हवा, त्याच दुपारी एसी अखंड चालत राहील आणि खोली २६ ला टेकणार नाही.

उलट दिशेने काढा. ४० अंशांत ३.४ हवेत, तर ३.४ भागिले ०.९५ म्हणजे ३.६ किलोवॅट रेटेड. अंदाजातली कसर म्हणून दहा-पंधरा टक्के वर धरा. म्हणजे ४.० ते ४.२ किलोवॅट. टनात सांगायचं तर १.१४ ते १.१९. या नावाचं मशीन दुकानात नसतं, पण सव्वा टनाच्या नावाखाली ४.२ किलोवॅटचं मॉडेल असू शकतं आणि या खोलीला ते अगदी चपखल बसतं.

आता याच खोलीच्या डोक्यावर छपराऐवजी दुसरं राहतं, थंड घर आहे असं समजा. बाकी काहीच बदललं नाही. ११०० वॅट वजा झाले, राहिले २.३ किलोवॅट, म्हणजे ०.६५ टन. पाऊण टनाचं २.६४ किलोवॅट रेटेड मशीन ४० अंशांत २.५ देतं आणि भागवतं. क्षेत्रफळ तेच, माणसं तीच, आणि एका ठिकाणी सव्वा टन तर दुसऱ्या ठिकाणी पाऊण. चौरस फुटांच्या ठोकताळ्यावर माझा भरवसा नाही तो याचसाठी. त्याला छप्पर दिसतच नाही.

याच यादीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत छपराला इन्सुलेशन किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला आणि छपराचे ११०० वॅट ६०० वर आले, तर एकूण गरज २.९ किलोवॅट होते. मग ३.३ किलोवॅट रेटेड मशीन, जे आधी कमी पडत होतं, तेच ४० अंशांत ३.१ देऊन पुरून उरतं. मोठा एसी घेण्याआधी यादीतला सगळ्यात मोठा आकडा कमी करता येतो का, ते जरूर पाहा.

७. 'मोठाच घेऊन टाकू' म्हणण्याआधी किमान आकडा बघा

३.४ किलोवॅटच्या खोलीला दोन टनाचं, ७.०३ किलोवॅटचं मशीन लावलं तर खोली झटकन थंड होते, पण कॉम्प्रेसर लगेच थांबतो. हवेतलं पाणी कॉइलवर जमून निथळायला सलग वेळ लागतो. मशीन दर काही मिनिटांनी थांबत राहिलं तर तापमान २४ दिसतं आणि तरी अंगाला चिकचिक जाणवते. मग माणूस रिमोटवर आणखी खालचा आकडा लावतो. वीज वाढते, ओलावा मात्र फारसा जात नाही. दमट हवेत हा त्रास जास्त जाणवतो.

इन्व्हर्टर मशीन वेग कमी करून हे बरंचसं सांभाळतं, पण किमान आकड्यापर्यंतच. आपल्या खोलीत रात्री ऊन नसतं आणि छप्पर हळूहळू निवत जातं. पहाटेकडे गरज १.२ किलोवॅटवर आली असं धरा. किमान क्षमता १.० असलेलं मशीन तेव्हा संथपणे चालत राहील. किमान २.० असलेलं मोठं मशीन मात्र चालू-बंद करू लागेल. म्हणून रेटेड आकडा दुपारच्या गरजेशी आणि किमान आकडा रात्रीच्या गरजेशी ताडून बघा.

८. मागणी नोंदवताना काय लिहायचं

'दीड टन इन्व्हर्टर' एवढंच लिहून ऑर्डर देऊ नका. पूर्ण मॉडेल नंबर लिहा, शेवटची अक्षरं आणि आकडे धरून. एकाच मालिकेत शेवटचा एखादा आकडा बदलला की क्षमता बदललेली असू शकते. त्यापुढे लिहा: रेटेड कूलिंग क्षमता इतके किलोवॅट, बाहेरचं तापमान ३५ अंश, किमान क्षमता इतके किलोवॅट, रेटेड वीजवापर इतके किलोवॅट. चारही आकडे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

मशीन घरी आलं की बसवणाऱ्याने खोकं फोडल्याबरोबर, भिंतीला ड्रिल लावण्याआधी, इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही युनिटच्या नेमप्लेट वाचा. दोन्हींचे मॉडेल नंबर एकाच जोडीचे हवेत. गोदामातून चुकून वेगळ्या क्षमतेचं आउटडोअर युनिट आलं असेल तर ते तेव्हाच बदलून मिळतं. नेमप्लेटवर क्षमता फक्त बीटीयूमध्ये किंवा वॅटमध्ये असेल तर तिथेच मोबाइलवर भागाकार करा. १४,३०० बीटीयू भागिले ३४१२ म्हणजे ४.१९ किलोवॅट. ऑर्डरमध्ये ४.२ लिहिलं असेल तर बसवायला सांगा. ३.५ च्या आसपास आकडा आला तर खोकं परत बंद करायला लावा.